सात ओळींचा तक्ता आणि भंगारातला कोबाल्ट: अर्धायुष्य मोजतात तरी कसं?

जालन्याच्या एमआयडीसीत रोज भंगाराचे ट्रक येतात. मोडक्या मशीनचे भाग, गाड्यांचे पत्रे, पाडलेल्या इमारतींमधल्या गंजक्या सळ्या. हे सगळं इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून नवी सळई बाहेर पडते. राज्यातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये ही जालन्याची सळई आहे.

आता समजा, त्या भंगाराच्या ढिगात एखादी किरणोत्सारी वस्तू आली तर?

ही नुसती कल्पना नाही. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांमध्ये कोबाल्ट-६० सापडला. ती बटणं ज्या पोलादाची होती, ते भारतातून गेलं होतं आणि त्याचा माग महाराष्ट्रातल्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत लागला. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं प्रयोगशाळेतलं यंत्र तोडलं गेलं. त्यातल्या कोबाल्टमुळे अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला.

अशा वेळी सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न असतो: हा पदार्थ किती दिवस धोक्याचा राहणार?

या प्रश्नाचं उत्तर ज्या गणितातून मिळतं, ते बारावीच्या वर्कशीटवरच्या एका छोट्या तक्त्यात बसतं. बहुतेक विद्यार्थी तो तक्ता वहीत उतरवतात, सूत्रात आकडे घालतात आणि उत्तर चुकलं की सोडून देतात. पण तक्ता नीट वाचता आला, तर आपली चूक नेमकी कुठे झाली हेही तोच सांगतो. म्हणून आधी तक्ता पाहू आणि मग पुन्हा भंगाराकडे येऊ.

तक्त्यात आहे काय?

या प्रयोगात बेरियम-१३७ नावाचा पदार्थ वापरतात. त्याची अणुकेंद्रं 'उत्तेजित' अवस्थेत असतात. म्हणजे त्यांच्याकडे जादा ऊर्जा असते आणि ती गॅमा किरणांच्या रूपात टाकून ती शांत होतात. कुठलं अणुकेंद्र कधी शांत होईल हे कुणीही सांगू शकत नाही. पण लाखो अणुकेंद्रं एकत्र असली, तर ठरावीक वेळात त्यातली निम्मी शांत होतात. हा ठरावीक वेळ म्हणजे अर्धायुष्य. पाठ्यपुस्तकात त्यालाच अर्धायुकाल म्हणतात.

गायगर काउंटरची नळी पदार्थाजवळ धरायची आणि एका मिनिटात किती टिकटिक होते ते लिहायचं. पुढचा एक मिनिट आकडा लिहायला आणि काउंटर शून्यावर आणायला. मग पुन्हा एक मिनिट मोजणी. म्हणून वेळ दोन-दोन मिनिटांनी वाढते. आपल्या उदाहरणाच्या वर्कशीटवरचा तक्ता असा आहे:

| वेळ (मिनिटं) | एका मिनिटातले काउंट |
|---|---|
| ० | १२५२ |
| २ | ७२१ |
| ४ | ४५८ |
| ६ | २८१ |
| ८ | १७० |
| १० | १२४ |
| १२ | ८२ |

तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते. पुष्कळ जण वहीत उतरवताना नेमकी तीच गाळतात: 'पदार्थ ठेवण्याआधी ५ मिनिटांत २०० काउंट.'

ती बारीक ओळ का महत्त्वाची?

टेबलावर काहीच नसतानाही काउंटर टिकटिक करतो. जमिनीत, विटांमध्ये, हवेत थोडे किरणोत्सारी पदार्थ असतातच. शिवाय अवकाशातूनही किरण येत असतात. याला पार्श्वभूमीची मोजणी म्हणतात. इथे ५ मिनिटांत २००, म्हणजे मिनिटाला ४०.

हे ४० काउंट बेरियमचे नाहीत. बेरियम कमी होत जातं, पण हे ४० तसेच राहतात. सुरुवातीला १२५२ मध्ये ४० म्हणजे काहीच नाही. पण शेवटच्या ८२ मध्ये ४० म्हणजे जवळजवळ निम्मे. म्हणून प्रत्येक आकड्यातून ४० वजा करायचे:

| वेळ (मिनिटं) | मोजलेले | ४० वजा केल्यावर |
|---|---|---|
| ० | १२५२ | १२१२ |
| २ | ७२१ | ६८१ |
| ४ | ४५८ | ४१८ |
| ६ | २८१ | २४१ |
| ८ | १७० | १३० |
| १० | १२४ | ८४ |
| १२ | ८२ | ४२ |

हा ४० चा आकडा जागेप्रमाणे बदलतो. मराठवाड्यातला काळा बसाल्ट खडक ग्रॅनाइटपेक्षा कमी किरणोत्सारी असतो. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या इमारतीतल्या प्रयोगशाळेची पार्श्वभूमी वेगळी असेल. तुम्ही स्वतः प्रयोग करत असाल, तर वर्कशीटवरचे ४० वापरू नका, तुमच्या खोलीत, तुमच्याच काउंटरने पुन्हा मोजा. पण वर्कशीटवरचे काउंट वापरत असाल, तर पार्श्वभूमीही त्याच वर्कशीटवरची हवी. एकाचे काउंट आणि दुसऱ्याची पार्श्वभूमी अशी सरमिसळ चालत नाही.

आता अर्धायुष्य काढू

सोपी पद्धत म्हणजे तक्त्यातल्या कुठल्याही दोन ओळी घ्यायच्या. मधला वेळ `t`, आधीचा आकडा `N1`, नंतरचा `N2`. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये `ln` बटण दिसतं. ते वापरून:

```
T = t × ln(2) / ln(N1 / N2)
```

० आणि ६ मिनिटांच्या ओळी घेऊ. १२१२ भागिले २४१ म्हणजे साधारण ५.०३. त्याचा `ln` १.६१५. `ln(2)` म्हणजे ०.६९३.

```
T = 6 × 0.693 / 1.615 = 2.57
```

अर्धायुष्य २.५७ मिनिटं. पण एकाच जोडीवर थांबू नका. सहा-सहा मिनिटांच्या अंतराच्या चारही जोड्या काढा: ० ते ६, २ ते ८, ४ ते १० आणि ६ ते १२. उत्तरं येतात २.५७, २.५१, २.५९ आणि २.३८. सरासरी २.५१ मिनिटं. बेरियमच्या या अवस्थेचं मान्य अर्धायुष्य आहे सुमारे २.५५ मिनिटं, म्हणजे १५३ सेकंद. आपलं उत्तर त्याच्या अगदी जवळ आहे.

शेवटचं उत्तर २.३८ थोडं दूर का गेलं? कारण किरणोत्सर्ग हा मुळातच नशिबाचा खेळ आहे. तोच प्रयोग पुन्हा केला तर तेच आकडे येणार नाहीत. किती हलतील याचा अंदाज मात्र सोपा आहे: मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा. १२५२ चं वर्गमूळ ३५, म्हणजे तो आकडा साधारण ३५ ने इकडे-तिकडे होऊ शकतो. हे तीन टक्केसुद्धा नाही. ८२ चं वर्गमूळ ९. पण ८२ मधून ४० गेल्यावर उरतात ४२, आणि ४२ मध्ये ९ ची हालचाल म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. म्हणून शेवटच्या ओळीवर फार विसंबायचं नाही. आणखी दहा मिनिटं मोजत बसून फायदाही नसतो. बेरियम पार्श्वभूमीत बुडून जातं आणि आपण फक्त खोलीची टिकटिक मोजत राहतो.

चूक झाली, तर तक्ता कसा सांगतो?

समजा, ती बारीक ओळ वहीत उतरवलीच नाही आणि ४० वजा केले नाहीत. किंवा उलट, वर्कशीटवर आधीच वजा केलेले आकडे दिले होते आणि तुम्ही पुन्हा ४० वजा केले. दोन्ही चुका नेहमी होतात. त्याच चार जोड्यांची उत्तरं मग अशी येतात (सगळी मिनिटांत):

| जोडी | बरोबर | वजा न करता | दोनदा वजा करून |
|---|---|---|---|
| ० ते ६ | २.५७ | २.७८ | २.३६ |
| २ ते ८ | २.५१ | २.८८ | २.१२ |
| ४ ते १० | २.५९ | ३.१८ | १.९३ |
| ६ ते १२ | २.३८ | ३.३८ | ०.९० |

मधला रकाना वरून खाली वाचा. अर्धायुष्य वाढतच चाललंय. पण एकाच पदार्थाचं अर्धायुष्य वेळेनुसार वाढत नसतं. ते ठरलेलं असतं, हीच तर त्याची ओळख. म्हणजे पदार्थासोबत असं काहीतरी मोजलं जातंय, जे कमी होत नाहीये. तीच पार्श्वभूमी.

शेवटच्या रकान्यात उलटं. अर्धायुष्य घसरत जातं आणि शेवटी पाऊण-एक मिनिटावर कोसळतं. हे दिसलं की समजायचं, गरजेपेक्षा जास्त वजा झालंय.

तिसरी चूक जास्त फसवी आहे. २८१ लिहिताना हात घसरला आणि २१८ लिहिलं गेलं. घाईत किंवा फोटोवरून उतरवताना हे सहज होतं. ४० वजा करून उरतात १७८. आता चार उत्तरं येतात २.१७, २.५१, २.५९ आणि २.८८. ही पण वाढतायत! पार्श्वभूमी राहिली असं वाटून तुम्ही आणखी काउंट वजा करायला लागाल आणि घोळ वाढेल.

मग फरक ओळखायचा कसा? शेजाऱ्यांना विचारून. समान अंतरावरच्या तीन ओळींमध्ये मधला आकडा हा दोन्ही बाजूंच्या आकड्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा यायला हवा. ६ मिनिटांच्या ओळीचे शेजारी आहेत ४१८ आणि १३०. त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ २३३. खरा आकडा २४१ होता. फरक फक्त ८, नशिबाच्या हालचालीत सहज बसणारा. पण १७८ आणि २३३ मध्ये ५५ चा फरक आहे आणि २१८ चं वर्गमूळ जेमतेम १५. शेजाऱ्यांची स्वतःची हालचाल धरली तरी हा फरक जास्तच आहे. ती ओळ झाकून पाहा. बाकीचे आकडे लगेच सुरळीत बसतात. एक ओळ काढल्यावर सगळं जागेवर येत असेल, तर दोष त्या ओळीत. पार्श्वभूमीचा दोष असा एका ओळीत बसत नाही. तो वरच्या ओळींत अगदी थोडा आणि खालच्या ओळींत जास्त असा सगळीकडे पसरलेला असतो.

तेव्हा मूळ कागदाकडे परत जा आणि आकडा ताडून पाहा. मनाने २३३ लिहू नका. तो आकडा कुणीही मोजलेला नाही.

काउंट आणि सक्रियता एकच का नाही?

वर्कशीटवरचा पुढचा प्रश्न असतो: 'पदार्थाची सक्रियता काढा.' सक्रियता म्हणजे दर सेकंदाला किती अणुकेंद्रांचा ऱ्हास होतो ते. सेकंदाला एक ऱ्हास म्हणजे एक बेकरेल.

पहिल्या मिनिटात १२१२ काउंट. साठने भागले की सेकंदाला २०.२. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि 'सक्रियता २०.२ बेकरेल' असं लिहितात. हे चूक आहे. काउंटरची नळी पदार्थाच्या एका बाजूला असते. किरण मात्र सगळ्या दिशांना जातात. जे नळीकडे जातात त्यातलेही बहुतेक गॅमा किरण नळीला पत्ता न लागू देता आरपार निघून जातात. म्हणून वर्कशीटवर नळीची कार्यक्षमता दिलेली असते. आपल्या तक्त्यासाठी ती १ टक्का धरू. म्हणजे शंभर ऱ्हासांमागे एक टिकटिक. मग खरी सक्रियता २०.२ गुणिले १००, म्हणजे २०२० बेकरेल.

ही सक्रियता नेमकी कुठल्या क्षणाची? मोजणी मिनिटभर चालली आणि त्या मिनिटातही बेरियम कमी होत होतं. म्हणून हा आकडा साधारण त्या मिनिटाच्या मध्याचा, म्हणजे तिसाव्या सेकंदाचा. अर्धायुष्य काढताना याने काही बिघडत नाही, कारण प्रत्येक मोजणी तेवढ्याच सेकंदांनी सरकलेली असते. सक्रियता सांगताना मात्र वेळ सांगितली नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही.

आता गंमत पाहा. सक्रियता आणि अर्धायुष्य दोन्ही माहीत असलं की किती अणुकेंद्रं शिल्लक आहेत तेही कळतं. ०.६९३ ला १५३ सेकंदांनी भागलं की येतं ०.००४५३. म्हणजे दर सेकंदाला हजारातली साधारण साडेचार अणुकेंद्रं ऱ्हास पावतात. सेकंदाला २०२० ऱ्हास होत असतील, तर एकूण अणुकेंद्रं २०२० भागिले ०.००४५३, म्हणजे सुमारे साडेचार लाख.

यातून एक गोष्ट लक्षात येते. तेवढीच अणुकेंद्रं असताना अर्धायुष्य लहान असेल, तर सक्रियता मोठी पण लवकर संपणारी. अर्धायुष्य लांब असेल, तर सक्रियता लहान पण रेंगाळणारी. भंगारातल्या वस्तूबाबत हे दोन्ही आकडे लागतात. सध्या किती आहे, आणि किती दिवस टिकेल. एकावरून दुसरा ओळखता येत नाही.

बेरियम येतं कुठून?

इथून आपण पुन्हा भंगाराकडे वळू. कारण वर्कशीटवरचं बेरियम ज्याच्यापासून मिळतं, तो सीझियम-१३७ उद्योगांमध्ये वापरला जातो. बंद टाकीतली पातळी किंवा पत्र्याची जाडी मोजणाऱ्या काही यंत्रांत त्याची छोटी, पक्की बंद केलेली डबी असते. कारखाना बंद पडला, यंत्र विकलं गेलं आणि डबीची नोंद कुणी ठेवली नाही, की ती भंगारात येऊ शकते.

सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. त्याच्या ऱ्हासातून आपलं अडीच मिनिटांचं बेरियम तयार होतं. प्रयोगशाळेत सीझियम एका छोट्या नळकांड्यात पकडून ठेवलेलं असतं. त्यातून द्रावण सोडलं की बेरियम धुऊन बाहेर येतं आणि सीझियम आतच राहतं. ते धुतलेलं बेरियम आपल्या तक्त्याप्रमाणे भराभर कमी होतं.

पण काउंटर त्या नळकांड्यावरच ठेवला तर? धुतल्यानंतर अर्ध्या तासाने मोजा किंवा संध्याकाळी मोजा, काउंट जवळपास तेच. बेरियम मरतंय तसं सीझियम नवं बेरियम बनवतंय. टाकीतून जेवढं पाणी जातं तेवढंच नळातून येत असेल, तर पातळी हलत नाही, तसं. गॅमा किरण तेच, बेरियमचेच. पण आता तक्ता तीस वर्षांच्या वेगाने खाली येणार.

म्हणून 'या पदार्थाचे किरण अडीच मिनिटांच्या बेरियमचे आहेत, तासाभरात संपतील' असं कुणी म्हणालं, तर विचारायचं: बेरियम एकटं आहे, की सीझियमही सोबत आहे?

भट्टीत गेलं तर काय होतं?

पहिली गोष्ट, वितळवल्याने किरणोत्सर्ग संपत नाही. पोलादाच्या भट्टीत तापमान १६०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. एवढ्या उष्णतेने अणूंची मांडणी बदलते, पण आतल्या अणुकेंद्राला तिचा काही फरक पडत नाही. अर्धायुष्य भट्टीआधी जेवढं, तेवढंच भट्टीनंतर.

बदलते ती जागा. सीझियम लवकर उकळतं, त्यामुळे ते वाफ होऊन भट्टीच्या धुरासोबत जातं आणि धूळ पकडणाऱ्या यंत्रणेत साठतं. कोबाल्टचं तसं नाही. तो लोखंडासारखाच धातू आहे. वितळलेल्या पोलादात तो विरघळतो आणि सळईत, पत्र्यात, बटणात जाऊन बसतो. फ्रान्सच्या लिफ्टमध्ये कोबाल्ट सापडला, त्याचं कारण हेच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १० टनांच्या घाणात कोबाल्ट-६० मिसळला आणि तयार मालात दर ग्रॅमला ६.४ बेकरेल सक्रियता आढळली. १० टन म्हणजे एक कोटी ग्रॅम. म्हणजे भट्टीत पडलेल्या स्रोताची सक्रियता ६.४ कोटी बेकरेल. आकडा प्रचंड वाटतो, पण जुन्या एककात तो दोन मिलिक्युरीपेक्षाही कमी आहे. एवढासा तुकडा सगळा घाणा बिघडवतो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनानुसार कोबाल्ट-६० दर ग्रॅमला ०.१ बेकरेलपेक्षा कमी असेल, तर तो माल किरणोत्सर्गाच्या नियंत्रणातून मोकळा करता येतो. ६.४ वरून ०.१ वर यायचं म्हणजे ६४ पट कमी व्हायचं. निम्मं, मग त्याचं निम्मं, असं सहा वेळा. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. सहा अर्धायुष्यं म्हणजे साडेएकतीस वर्षांहून थोडं जास्त. माल गोदामात ठेवून वाट पाहू, हा पर्याय इथे संपतो.

'जुनं झालंय' म्हणजे संपलं का?

मायापुरीची घटना याच गैरसमजाचं उत्तर आहे. ते यंत्र दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचं होतं. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. २०१० च्या फेब्रुवारीत लिलावात विकलं गेलं आणि भंगार बाजारात त्याचं शिशाचं कवच फोडलं गेलं. यंत्र साधारण चाळीस वर्षांचं जुनं होतं.

आता हिशोब करा. ४० भागिले ५.२७ म्हणजे जवळजवळ ७.६ अर्धायुष्यं. दोनचा ७.६ वा घात म्हणजे सुमारे १९३. म्हणजे मूळ सक्रियतेचा १९३ वा भाग शिल्लक. टक्क्यात सांगायचं तर अर्धा टक्का. ऐकायला नगण्य.

पण अर्धा टक्का कशाचा? समजा, असा स्रोत मुळात १००० क्युरीचा असेल. एक क्युरी म्हणजे ३७०० कोटी बेकरेल. मग चाळीस वर्षांनंतर उरतात साधारण ५.२ क्युरी. म्हणजे दर सेकंदाला १९ हजार कोटींहून जास्त ऱ्हास. आपल्या प्रयोगातल्या बेरियमची सुरुवातीची सक्रियता होती दोन हजार.

अर्धायुष्य फक्त प्रमाण सांगतं. निम्मं झालं, पाव झालं, दोनशेवा भाग झाला. धोका ठरतो उरलेल्या सक्रियतेवरून, आणि ती काढायला सुरुवातीचा आकडाही लागतो. म्हणूनच प्रत्येक किरणोत्सारी स्रोताच्या कागदांवर सक्रियतेसोबत तारीख लिहिलेली असते.

मग गेटवर ट्रक थांबवून असाच तक्ता करायचा का?

नाही, आणि याचं कारणही तक्त्यातच आहे. कोबाल्ट-६० महिनाभरात फक्त १.१ टक्क्याने कमी होतो. हजार काउंटमध्ये नशिबाची हालचालच तीन टक्क्यांहून जास्त असते. एवढीशी घट पकडायला दर वेळी लाखाच्या वर काउंट लागतील आणि महिनोन्‌महिने थांबावं लागेल. म्हणून तिथे अर्धायुष्य मोजत नाहीत. किरणांची ऊर्जा मोजणारं हातातलं यंत्र वापरतात. कोबाल्ट-६० चे किरण नेहमी १.१७ आणि १.३३ या दोन ऊर्जांचे असतात, सीझियमसोबतच्या बेरियमचे ०.६६ चे (एकक: दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट). त्यावरून पदार्थ ओळखला जातो आणि अर्धायुष्य मग पुस्तकातून मिळतं.

त्याआधी गेटवरचे मोठे डिटेक्टर फक्त एवढंच पाहतात, की ट्रक आल्यावर काउंट पार्श्वभूमीपेक्षा वाढले का. पार्श्वभूमी इथेही आहेच, आणि इथे तिची एक वेगळीच खोड आहे. लोखंडाने भरलेला ट्रक जमिनीतून येणारे नैसर्गिक किरण अडवतो. त्यामुळे ट्रक आत शिरला की काउंट आधी खाली जातात. रिकाम्या गेटची पार्श्वभूमी तशीच धरून बसलं, तर लोखंडाच्या आड दडलेला छोटा स्रोत त्या खड्ड्यात लपून जाऊ शकतो. म्हणून चांगल्या यंत्रणा ही घट हिशोबात धरतात. वर्कशीटवरच्या त्या बारीक ओळीचं हे मोठं रूप.

अलार्म वाजला किंवा ढिगात तीन पात्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेली, आकाराच्या मानाने फारच जड डबी दिसली, तर ती उघडायची नाही, कापायची नाही, उचलायची नाही. सगळ्यांनी लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. किरणोत्सारी स्रोतांवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत आहे, पुढचं काम त्यांच्या तज्ज्ञांचं. अंतर हे सगळ्यात स्वस्त संरक्षण. छोट्या स्रोतापासून दुप्पट लांब गेलात, तर किरणांचा मारा चौथाईवर येतो. अर्धायुष्यांच्या हिशोबात हा फायदा दोन अर्धायुष्यांएवढा. कोबाल्टला त्यासाठी साडेदहा वर्षं लागतात, तुम्हाला काही पावलं पुरतात.